गाठींच्या रेशमाचा हिशेब

लग्नसराईत कापडाच्या दुकानात 'रॉ सिल्क' मागितले की या एकाच नावाखाली तीन निराळी कापडे पुढ्यात येऊ शकतात: डुपियन, मटका आणि नॉइल. तिन्हींच्या अंगावर गाठी असतात, तिन्हींचा पोत खडबडीत असतो आणि तिन्ही रेशमाचीच असतात. त्यामुळे गिऱ्हाईक त्यांत फरक करत नाही आणि घरी आल्यावर तिन्हींना एकच नियम लावते, की रेशीम आहे, ड्रायक्लीनलाच द्यायचे. नियम पाळायला सोपा आहे, पण तो चुकीच्या गोष्टीवर उभा आहे. कापड कसे वागेल हे ते रेशमाचे आहे एवढ्यावर ठरत नाही. धाग्यातले तंतू किती लांब राहिले आणि ते एकमेकांना कशाने धरून आहेत, या दोन गोष्टींवर ते ठरते. गाठ, कडकपणा, चुरगळणे आणि पाण्यातले वागणे हे चारही गुण या दोनच कारणांतून निघतात. हे कारण हाती आले की निगा पाठ करावी लागत नाही, ती सुचत जाते.

तुतीवर वाढलेली रेशीम अळी कोष विणते तेव्हा साधारण हजार मीटरचा अखंड तंतू स्वतःभोवती गुंडाळते. या तंतूच्या वजनातला सुमारे पाव हिस्सा सेरिसिन नावाच्या डिंकाचा असतो. कोष गरम पाण्यात शिजवला की हा डिंक सैल होतो आणि तंतू उलगडतो. अशा सात-आठ कोषांचे तंतू एकत्र ओढले की गुळगुळीत, एकसारखा धागा मिळतो आणि थंड होताना तोच डिंक त्यांना पुन्हा चिकटवून ठेवतो. आता हा क्रम कुठे बिघडतो ते पाहू. चंद्रिकेवर कोष करायला सोडलेल्या अळ्यांची दाटी झाली, तर दोन अळ्या एकाच जागी बसून एकच कोष विणतात. शेतकरी त्याला डबल कोष म्हणतो आणि बाजारात नेण्याआधी निवडून बाजूला काढतो, कारण आतले दोन तंतू एकमेकांवरून उलटसुलट गेलेले असतात. ओढताना ते एकाआड एक न सुटता मध्येच पुंजक्याने येतात आणि धागा कुठे जाड, कुठे बारीक होतो. डुपियनची गाठ ती हीच. अशा धाग्याचा ताणा मागावर फणीशी घासून तुटत राहील, म्हणून ताणा गुळगुळीत रेशमाचा लावतात आणि गाठींचा धागा बाण्यात घालतात. डुपियनच्या गाठी कापडावर आडव्याच का दिसतात, याचे उत्तर इथे आहे. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा घेतला की धूपछाव दिसते. तीही याच कापडात उठून दिसते, कारण जाड बाणा बारीक ताण्याखालून जागोजागी वर डोकावतो.

मटक्याच्या धाग्याची गोष्ट वेगळी आहे. अंडीपुंज तयार करण्यासाठी पतंग बाहेर येऊ दिले की कोषाला भोक पडते आणि अखंड तंतूचे तुकडे होतात. असा कोष उलगडता येत नाही, तो कातावाच लागतो. बंगालमध्ये आणि बिहारात भागलपूरकडे असे कोष सोड्याच्या पाण्यात उकळून त्यांचा डिंक काढतात. मग बायका ते मडक्यावर पसरतात आणि जवळजवळ पीळ न देता हाताने त्यांचा धागा ओढतात. म्हणून मटक्याचा धागा जाड, फुगीर आणि थोडा लोकरट असतो. त्यातल्या गाठी म्हणजे हाताने ओढताना कमीजास्त सुटलेले तंतू. नॉइल आणखी एक पायरी खाली आहे. तुटक्या रेशमापासून चांगला कातीव धागा करताना तंतू विंचरले जातात आणि त्या विंचरणीत जे सर्वांत तोकडे तंतू मागे राहतात, त्यांचे सूत म्हणजे नॉइल. ते कापसासारखे पीळ देऊन कातलेले असते. डिंकाचा थोडा अंश आणि अळीच्या कोशितावस्थेतल्या कवचाचे बारीक काळपट कण त्यात राहून जातात. नॉइलवरचे ते ठिपके धुऊन जाणारे डाग नसतात आणि ओले झाल्यावर त्याला येणारा उग्र वासही त्याच उरलेल्या अंशाचा असतो. तोकड्या तंतूंची टोके सगळीकडे वर आलेली असल्याने प्रकाश विखुरतो आणि नॉइल मुळीच चमकत नाही.

आता कडकपणा आणि चुरगळण्याकडे येऊ. धाग्यातले तंतू एकमेकांवरून सरकू शकत असतील, तर वाकताना प्रत्येक तंतू आपापला थोडा थोडा वाकतो आणि सोडल्यावर सरळ होतो. तेच तंतू एकत्र चिकटले किंवा विणीत घट्ट दाबले गेले, तर धागा एका जाड काडीसारखा वाकतो आणि घडीच्या बाहेरच्या बाजूच्या तंतूंवर ताण एवढा पडतो की ते पूर्ववत होत नाहीत. डुपियनमध्ये हेच होते. साधी पण ठासून मारलेली वीण, जाड आणि कमी पिळाचा बाणा, जोडीला उरलासुरला डिंक किंवा कापडाला दिलेली खळ, यामुळे ते कागदासारखे करकरते, उभे राहते आणि कागदासारखेच टोकदार घडी धरते. कडकपणा हवा पण सुरकुती नको, अशी मागणी या कापडाकडे करताच येत नाही, कारण दोन्हींचे मूळ एकच आहे. नॉइलची वीण सैल आणि तंतू तोकडे असतात, म्हणून ते अंगावर मऊ पडते. त्याला सुरकुती पडली तरी गोलसर पडते. मटका या दोघांच्या मध्ये बसतो. त्याचा डिंक आधीच गेलेला असतो, तरी जाडीमुळे तो भरदार राहतो. शिवाय रेशीम हवेतली ओल भरपूर शोषते आणि ओलसर तंतू अधिक सहज घडी धरतात. म्हणून मुंबईच्या पावसाळी हवेत तासभर बसून राहिल्यावर डुपियनच्या कुर्त्याला मागे पडलेल्या रेघा हाताने झटकून जात नाहीत. मात्र ज्या ओलीने घडी बसते तीच ओल, उष्णतेची जोड मिळाली की, घडी मोडते. मंद वाफेची इस्त्री चालते ती यामुळेच.

पाण्याचा प्रश्न इथेच सुटतो. गरम पाणी आणि सोडा यांनी कारखान्यात डिंक काढतात. त्यामुळे घरात गरम पाणी आणि कपड्यांची नेहमीची पावडर वापरणे म्हणजे तेच काम अर्धवट आणि नको त्या कापडावर करणे होय. काही पावडरींत प्रथिने फोडणारी एन्झाइमे असतात आणि रेशीम स्वतःच प्रथिन आहे. क्लोरीनचे ब्लीच तर तंतूच खाऊन टाकते. साध्या थंड पाण्याने एवढे होत नाही, पण डुपियनवर पाण्याचा एक थेंब पडला तरी तिथली खळ विरघळून कडेकडे सरकते आणि वाळल्यावर गोल कडा दिसते. म्हणून डुपियनवर इस्त्रीआधी पाणी शिंपडू नये. उलट्या बाजूने, वर सुती फडके घालून इस्त्री करावी. अख्खे डुपियन धुतले तर ते मऊ पडते, झळाळी कमी होते आणि चुरगळणेही कमी होते. हे नुकसान आहे की फायदा, हे त्यापासून काय शिवायचे यावर अवलंबून आहे. कापड शिवायला टाकण्याआधी त्याची परीक्षा करता येते. दहा सेंटिमीटर लांबीरुंदीचा तुकडा कापून त्याची कड कागदावर आखावी. सौम्य द्रव साबणाच्या थंड पाण्यात तो हलवून, न पिळता पांढऱ्या फडक्यात दाबावा, सावलीत वाळवावा आणि पुन्हा त्याच आखणीवर ठेवावा. एका बाजूने तो साडेनऊ सेंटिमीटर भरला, तर अडीच मीटर कापडात त्या दिशेने साडेबारा सेंटिमीटर जाणार. फडक्यावर रंग उतरला, तर धूपछावेचे दोन रंग एकमेकांत मिसळण्याची भीती आहे. नॉइल या परीक्षेत बहुधा पास होते, फक्त ते आधी धुऊन मगच शिवावे. मटक्याचा रंग आणि आकार टिकला तरी त्याच्या बिनपिळाच्या धाग्याला घासणे सोसत नाही, लव उठते. डुपियनबाबत मात्र तुकडा हातात घेऊन निवड करावी लागते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की सगळेच ड्रायक्लीनला दिले तर एवढी उठाठेव कशाला? ड्रायक्लीनच्या द्रावणात डिंक आणि खळ विरघळत नाहीत, म्हणून डुपियनचा कडकपणा तिथे टिकतो हे खरे. पण घामातले क्षार पाण्यात विरघळणारे असतात, ते त्या द्रावणाने नीट निघत नाहीत. बगलेतले डुपियन वर्षभरात पिवळे पडते आणि विरते, ते ड्रायक्लीन चुकल्यामुळे नव्हे, तर घाम तिथेच राहिल्यामुळे. त्यावर उपाय शिवण्याच्या टप्प्यावरच आहे. आत सुती अस्तर द्यावे, त्याने घाम थांबतो आणि शिवणीवरचा ताणही वाटला जातो. हा ताण क्षुल्लक नाही. गुळगुळीत ताण्यावरून जाड बाणा सहज सरकतो, म्हणून डुपियनच्या आणि मटक्याच्या घट्ट कपड्यांत शिवणीजवळ धागे बाजूला होऊन फट पडते, कडा सुटतात. शिवणीला माया जास्त ठेवणे आणि कपडा अंगाला घट्ट न बेतणे, ही या कापडांची अर्धी निगा आहे. उरलेली अर्धी कपाटात: तीच घडी वर्षानुवर्षे ठेवली की त्या रेषेवर तंतू तुटतात, म्हणून मधूनमधून घडी बदलायची, आणि ऊन लागू द्यायचे नाही, कारण उन्हाने रेशीम पिवळे आणि ठिसूळ होते.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूने येतो. गाठ म्हणजे हाताची खूण, ती सुंदरच, तिची एवढी चिकित्सा का? पण गाठीला सरसकट गोड मानण्यातही फसगत आहे. यंत्रावर ठरवून गाठी पाडलेले पॉलिएस्टर 'डुपियन' म्हणून विकले जाते आणि त्यात गाठी असतात, फक्त कारण नसते. एक आडवा धागा काढून जाळला की रेशीम केस जळल्यासारखा वास देते आणि राख बोटांत चुरडते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. तसेच, भोक पडलेल्या कोषाचे म्हणून मटक्याला अहिंसेचे रेशीम समजण्याची घाईही करू नये. अंडी घातल्यावर मादी पतंग पेब्रिन रोगाच्या तपासणीसाठी चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ही पद्धत लुई पाश्चरने एकोणिसाव्या शतकात घालून दिली आणि निरोगी बियाण्यासाठी ती आजही लागते. गाठ सुंदर असू शकते, पण ती काय सांगते आणि काय सांगत नाही, हे धाग्याच्या जन्मावरूनच कळते.

म्हणून दुकानात विचारायचा प्रश्न 'हे रेशीम शुद्ध आहे का' एवढाच नसावा. ताणा कशाचा, बाणा कशाचा, आणि धागा ओढलेला आहे की कातलेला, हे विचारावे. विक्रेत्याला सांगता येत नसेल तर टोकाचे दोन धागे दोन दिशांनी उपसून बघावेत: अखंड, गुळगुळीत आणि मधूनच जाडावणारा बाणा असेल तर डुपियन, फुगीर आणि जवळजवळ पीळ नसलेला असेल तर मटका, आणि पीळ उलगडताच बोटभर तंतूंचा चुरा झाला तर नॉइल. ही ओळख पटली की ताठ उभ्या राहणाऱ्या कपड्यासाठी डुपियन घेऊन त्याच्या सुरकुत्या गृहीत धरता येतात आणि रोजच्या कुर्त्यासाठी नॉइल घेऊन तो घरी धुता येतो. कापडाच्या किमतीत त्याच्या सवयींचीही किंमत असते. ती आधी माहीत असली, की पुढे होणारी तक्रार बहुतेक वेळा कापडाविरुद्ध नसून आपल्याच निवडीविरुद्ध होती, हे ध्यानात येते.