कॅमेऱ्याचे निमित्त

एखाद्या जाणत्या माणसाला नुसते भेटायला जाणे अवघड असते. ‘तुमची ओळख व्हावी असे वाटते’ हे वाक्य खरे असले तरी त्यातून समोरच्याला काहीच उमगत नाही. तो फार तर चहा पाजतो. तेच ‘तंबोऱ्याच्या जवारीवर व्हिडिओ करतो आहे, अर्धा तास द्याल का?’ असे विचारले, की आपण काय द्यायचे आणि कुठे थांबायचे, दोन्ही त्याला कळते. कोलकात्यात राहून मी वाद्यकारागिरांच्या मुलाखतींची अशी एक लहानशी मालिका करतो. पाहणारे दोन-तीनशे. पण तिच्यामुळे ज्यांच्यापाशी तासन्‌तास बसता आले, त्यांच्या दुकानात एरवी मी फक्त गिऱ्हाईक म्हणून शिरलो असतो. मग मुलाखत हे निमित्त आणि ओळख हा हेतू असेल, तर हा व्यवहार सचोटीचा म्हणायचा का?

माणसाला केवळ साधन मानू नये, असे कान्ट सांगतो. त्यातला ‘केवळ’ हा शब्द महत्त्वाचा. फ्रान्स्वा त्रुफोने 1962 साली हिचकॉकला पत्र लिहून दीर्घ मुलाखत मागितली. तेव्हा तो स्वतः दिग्दर्शक होता, आणि ज्याला गुरू मानले त्याच्याजवळ बसण्याची ओढ त्याला होतीच. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हेलन स्कॉट या दुभाषी बाईंना मधे घेऊन दोघे आठवडाभर बोलले. 1966 साली त्याचे पुस्तक झाले आणि स्नेह हिचकॉकच्या मृत्यूपर्यंत टिकला. या ओढीने ती मुलाखत खोटी ठरत नाही, कारण त्रुफोचे प्रश्न चित्रपट करणाऱ्याचे होते. उत्तरांची त्याला स्वतःला गरज होती.

माझी कसोटी तीच. कॅमेरा बंद असता तरी हा प्रश्न मी विचारला असता का? ‘या धंद्यात कसे आलात?’ याचे उत्तर कारागिराने शंभरदा दिलेले असते. तो लेन्सकडे पाहून ते म्हणून दाखवतो. रवींद्र सरणीजवळच्या एका वयस्क मिस्त्रींना मी विचारले, ‘घोडीवरचा दोरा नेमका कुठे थांबवायचा, हे कशावरून ठरवता?’ ते लेन्स विसरले. तंबोरा मांडीवर घेऊन त्यांनी तार आणि घोडी यांच्यामधला दोरा केसभर सरकवला. तारेचा आवाज फुलला, त्यात झणत्कार आला. आणखी केसभर सरकवताच तो मिटला. तार घोडीच्या किंचित उतरत्या पृष्ठभागाला घासत कंप पावते, त्यातून जवारी येते. बंगालीत ते तिला जोआरी म्हणत होते. माझ्या तंबोऱ्याची एक जोडाची तार बंद वाजायची. त्यांनी घोडीवर नख फिरवून पोलादी तारेने पाडलेली खाच दाखवली. अशा वेळी दोरा कितीही हलवा, उपयोग नाही. घोडी कानशीने पुन्हा घासावीच लागते.

घरी येऊन ऐकले, तर खुल्या आणि बंद जवारीत फरकच कळेना. फोन आवाजाची पातळी आपोआप सारखी करतो. विरत जाणारा नाद वर उचलतो, आघात दाबतो. ही सोय बंद करून, वेगळा माईक लावून पुन्हा जावे लागले. (दुसऱ्या भेटीचे हे कारण मला मनापासून आवडले, हेही सांगून टाकतो.)

छापण्याआधी लेख दाखवावा तशी मी प्रत्येक मुलाखत आधी त्या माणसाला दाखवतो. मिस्त्रींनी ती शांतपणे पाहिली आणि तीन मिनिटे काढायला सांगितली: घोडीला उतार किती द्यायचा आणि कानस कुठून कुठे फिरवायची, तेवढीच. शेजारचा दुकानदारही पाहील, म्हणाले. संपूर्ण व्हिडिओत मोलाची होती ती हीच तीन मिनिटे.

मी ती काढली. माझ्या एका संपादक मित्राला हे पटले नाही. त्याचे म्हणणे, संमती घेऊन केलेले चित्रण ओळख टिकवण्यासाठी कापले, म्हणजे पाहणाऱ्यांना तू निमित्त केलेस. आणि अशी विद्या दुकानातच मरते. त्याच्या दुसऱ्या मुद्द्याला माझ्याजवळ चांगले उत्तर नाही. पहिला मात्र मला मान्य नाही. संमती माझ्या प्रश्नांना होती, आणि तो उतार त्यांच्या पोटापाण्याचा होता. मिस्त्री अनोळखी असते, पुन्हा कधी भेटणार नसते, तरी मी तेच केले असते असे मला वाटते. पण ते अनोळखी नाहीत, त्यामुळे हे तपासून पाहायची सोय उरलेली नाही. ती तीन मिनिटे माझ्याकडे एका वेगळ्या डिस्कवर आहेत. मिस्त्रींना ते ठाऊक आहे. त्यांचा नातू हे काम शिकायला बसला तर त्याला द्यायची, असे आमचे ठरले आहे. नातू सध्या बारावीत आहे आणि त्याला हिशेब आवडतात.