लोकांचे पैसे आहेत, पोरा

बस. फोन बाजूला ठेव आणि मी बोलून होईपर्यंत मध्ये बोलू नकोस. तुझ्या नव्या फिल्मसाठीचं वर्गणीचं आवाहन मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला, दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा काळजी वाटली. गुऱ्हाळावरची तुझी गोष्ट चांगली आहे, म्हणूनच सांगतोय. वाईट गोष्टीसाठी मी माझी संध्याकाळ घालवली नसती.

पाच लाख. हा आकडा आणलास कुठून? ऐकायला बरा वाटतो म्हणून? चल, माझ्यासमोर हिशेब कर. सहा दिवसांचं शूटिंग, चौदा माणसं. जेवणखाण, कॅमेरा-लाइट-साउंडचं भाडं, तंत्रज्ञ आणि नटांचं मानधन, गाड्या, राहणं आणि तुझ्यामुळे गुऱ्हाळाचं काम थांबेल त्याची भरपाई, असं तुझ्याच कागदावरून ३ लाख १३ हजार होतात. एडिटिंग, साउंड मिक्सिंग, कलर आणि सबटायटल्सचे १ लाख ३५ हजार. आडअडचणीला दहा टक्के. झाले ४ लाख ९३ हजार. इथे तू खूश होऊन पाच लाख लिहिलेस आणि वही मिटलीस.

पण वर्गणी जमवणारं संकेतस्थळ आपला वाटा कापून घेतं, पेमेंटचा खर्च आणि त्यावरचा जीएसटी वेगळा. ते सगळं मिळून बारा टक्के धर. लोकांना द्यायच्या भेटवस्तू आणि कुरिअरचे आठ टक्के धर. म्हणजे शंभरातले वीस गेले. पाच लाख जमले तरी तुझ्या हातात चारच लाख पडणार, आणि तूट पडेल ती बरोबर शेवटच्या कामात. शूटिंग झालेलं असेल, साउंड मिक्सिंगला पैसे नसतील, आणि फिल्म हार्ड डिस्कमध्ये पडून राहील. ४ लाख ९३ हजार हातात हवे असतील तर मागायला हवेत ६ लाख १६ हजार. एवढे जमणार नाहीत असं वाटत असेल तर पटकथा कापून दिवस कमी कर. खर्च तोच ठेवून आकडा कमी लिहिणं म्हणजे देणाऱ्याला फसवणं आहे.

आणि ‘जमेल तेवढं घेऊ’ हा पर्याय निवडलास तोही बदल. दीड लाख जमले आणि ते तू घेतलेस, तर फिल्म दीड लाखाची होत नाही, पण द्यायचं वचन पूर्ण फिल्मचंच राहतं. लक्ष्य पूर्ण झालं तरच पैसे मिळतील आणि नाहीतर ते लोकांना परत जातील, असाच पर्याय घे.

आवाहनात ‘मंथन’चा दाखला दिलायस. गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये दिले आणि १९७६ मध्ये श्याम बेनेगलांचा चित्रपट आला, हे खरं. पण ते दहा लाख रुपये अनोळखी गर्दीकडून आले नव्हते. गावोगावच्या दूध सोसायट्या आधीच उभ्या होत्या, सभासद तिथे रोज दूध घालत होते, त्यांच्या दुधाच्या पैशांतून ती रक्कम घेता येत होती आणि चित्रपटही त्यांच्याच चळवळीवरचा होता. तुझ्यामागे कोण उभं आहे? माणशी सरासरी दीड हजार धरले तर तुला चारशेहून जास्त देणारे लागतील. विचारलेल्या दहातला एक देतो असं धरलंस तर चार हजार माणसांना विचारावं लागेल, आणि तेही नावानिशी. आधी त्यांची यादी कर. लक्ष्याचा निदान तिसरा हिस्सा कोण देणार हे आवाहन उघडण्याआधी फोनवर पक्कं कर, कारण पहिल्या आठवड्यात रिकामा दिसणारा आकडा पाहून पुढचा माणूस थबकतो.

तारीखही चुकीची धरलीस. मार्चमध्ये सुरू करणार, पंचेचाळीस दिवस चालवणार, पुढे पैसे खात्यात यायला आणखी वेळ. तोवर गुऱ्हाळं बंद झालेली असतील आणि काहिलीखाली आग नसेल. शूटिंग डिसेंबरात हवं असेल तर वर्गणी पावसाळ्यातच संपली पाहिजे. कोल्हापुरात वाढलेल्या मुलाला हे मी सांगायला लागू नये.

आता भेटवस्तू. पाचशे रुपये देणाऱ्याला टी-शर्ट. छपाईसह २८०, कुरिअर ८०, संकेतस्थळाचा वाटा ६०. तुझ्या फिल्मला उरले ऐंशी रुपये. पाच हजारांवर कोल्हापुरी चप्पल. प्रत्येकाचं माप कोण विचारणार, हातानं शिवायला लागणारा वेळ कोण मोजणार, घट्ट झाली म्हणून परत आली तर काय करणार? लहान रकमेला श्रेयनामावलीत नाव दे आणि नाव कसं लिहायचं ते त्याच वेळी त्यांच्याकडूनच लिहून घे. पटकथेची प्रत दे, शूटिंगच्या जागेवरचे फोटो दे. मोठ्या रकमेला इथेच शाहू स्मारकला खेळ लावून बोलाव, पण सार्वजनिक खेळाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, ते काम आणि तो खर्च आधी धर. फिल्मची ऑनलाइन लिंक लगेच पाठवायचं वचन मात्र काढून टाक. आधी ऑनलाइन कुठेही न दाखवलेलीच फिल्म हवी असा कित्येक महोत्सवांचा नियम असतो. लिंक महोत्सवांनंतर मिळेल असं आत्ताच लिही.

‘नफ्यात वाटा’ हे दोन शब्द आजच खोड. नफ्याचं आमिष दाखवून चारचौघांकडून पैसे घेतलेस की ती भेट राहत नाही, गुंतवणूक होते, आणि मग सेबी आणि कंपनी कायदा तुला गाठतात. ‘सहनिर्माता’ ही पदवीही दहा हजारांना विकू नकोस. उद्या हक्कांचा करार करायची वेळ आली की निर्माता कोण, याचं उत्तर एकच असायला हवं.

आता ज्यासाठी तुला खरं बोलावलं ते ऐक. मागच्या शॉर्टफिल्मला सत्तर माणसांनी पैसे दिले. त्यातली निम्मी मी जोडून दिली होती. तू आठ महिने त्यांना एक ओळ लिहिली नाहीस. ते मला बाजारात थांबवून विचारतात, सर, त्या पोराच्या फिल्मचं काय झालं? मी काय सांगू? एडिटिंग रखडलं हे सांगायला तुला लाज वाटली आणि तू गप्प बसलास. रखडलं म्हणून कुणी रागावलं नसतं रे. उशीर झाला तर लोक समजून घेतात. गप्प राहिलास की पैसे खाल्ले असं त्यांना वाटतं, आणि तसं वाटण्याचा हक्क त्यांना आहे.

यापुढे दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पत्र जाईल. काम झालं नसेल तरी जाईल. कुठे पोचलो, आतापर्यंत किती पैसे कशावर गेले, पुढची तारीख कोणती, एवढंच. वाईट बातमी पहिल्या ओळीत लिहायची, आणि ठरलेली तारीख उलटायच्या आधी लिहायची. त्याच पत्रात पुन्हा पैसे मागायचे नाहीत. आणि सगळ्यांना एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये कोंबू नकोस. एकाचा नंबर दुसऱ्याला जातो आणि तुझी बातमी सुप्रभातच्या फुलांखाली गाडली जाते. ब्रॉडकास्ट लिस्टवरही विसंबू नकोस, कारण ज्यांनी तुझा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना ती पोचतच नाही. ईमेल कर, आणि ज्यांचा ईमेल नाही त्यांना फोन कर.

नवं आवाहन आत्ता उघडायचं नाही. आज रात्री त्या सत्तर जणांना पत्र लिही: फिल्म कुठे अडलीय, किती पैसे उरलेत, कधी दाखवणार. पाठवण्याआधी मला वाचून दाखव. ती फिल्म त्यांना दाखवून झाली की मग सहा लाखांचा कागद घेऊन ये. तो आपण ओळ न् ओळ तपासू, आणि पहिली वर्गणी माझी असेल.