वॉरंटीचे दावे कोणत्या विक्रीचे?

दोन वर्षांच्या वॉरंटीवर पंप विकणारी कंपनी विक्रीच्या दिवशीच एक खर्च अंगावर घेते. तो किती, हे मात्र तिला त्या दिवशी ठाऊक नसते. नेमका कोणता पंप जळेल हे कुणीच सांगू शकत नाही, पण शंभरातले साधारण किती परत येतील हे बऱ्यापैकी सांगता येते. या ‘बऱ्यापैकी’च्या भरवशावर ताळेबंदात तरतूद उभी राहते. इंड एएस 37 या लेखामानकात यासाठी एक उदाहरण दिले आहे: 75 टक्के मालात दोष निघणार नाही, 20 टक्क्यांत किरकोळ आणि 5 टक्क्यांत मोठा दोष निघेल. साऱ्याच मालात किरकोळ दोष निघाला तर खर्च 10 लाख, मोठा निघाला तर 40 लाख. म्हणून तरतूद 4 लाखांची. गणित शाळकरी आहे. अडचण इतकीच की मानक हे टक्के गृहीत धरून पुढे जाते, आणि ऑडिटरचे सगळे काम त्या टक्क्यांच्या मागे असते. ते कुठून आले, आणि कंपनीच्या स्वतःच्या दाव्यांचा इतिहास त्यांना दुजोरा देतो का?

इतिहासाला हे वजन केवळ लेखामानकांनी दिलेले नाही. रोटॉर्क कंट्रोल्स या कंपनीच्या प्राप्तिकराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये हाच प्रश्न तपासला. कंपनी झडपा चालवणारे अ‍ॅक्च्युएटर बनवत असे. कार्यान्वित झाल्यापासून 12 महिने किंवा पाठवल्यापासून 18 महिने, यांतला जो कालावधी आधी संपेल तोपर्यंत वॉरंटी असे. प्रत्यक्ष दावा येण्याआधी केलेली तरतूद खर्च म्हणून वजा मिळावी का, हा वाद होता. मद्रास उच्च न्यायालयाचा कौल कंपनीच्या विरोधात गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. मोठ्या संख्येने बनणाऱ्या मालात काही नगांत दोष निघतात हे मागच्या अनुभवावरून दिसत असेल आणि त्या अनुभवाची पद्धतशीर नोंद असेल, तर अशी तरतूद ही विश्वासार्ह अंदाज ठरते, असा त्या निकालाचा आशय. म्हणजे तरतुदीचा पाया मागचा अनुभव, हे तत्त्व म्हणून पक्के आहे. घोळ होतो तो अनुभव मोजण्याच्या पद्धतीत. माझे म्हणणे असे की बहुतेकदा वापरली जाणारी मोजपट्टीच चुकीची असते, आणि कंपनी वेगाने वाढत असताना तिची चूक सर्वांत छान लपते.

ती मोजपट्टी म्हणजे यंदाचे दावे भागिले यंदाची विक्री. एक कल्पित कंपनी घेऊ. आकडे हिशेबाला सोपे केले आहेत, पण रचना खऱ्या कारखान्यात दिसते तशीच आहे. पहिल्या वर्षी 100 कोटींचे पंप विकले, दुसऱ्या वर्षी 140 कोटींचे, तिसऱ्या वर्षी 200 कोटींचे. विक्री वर्षभर विखुरलेली असल्यामुळे दोन वर्षांची वॉरंटी तीन आर्थिक वर्षांत पसरते. समजा विक्रीच्या वर्षात तिच्या अर्धा टक्का, पुढच्या वर्षी एक टक्का आणि तिसऱ्या वर्षी पुन्हा अर्धा टक्का दुरुस्तीवर जातो. एकूण दोन टक्के. आता तिसऱ्या वर्षाचे दावे मोजा: त्याच वर्षीच्या विक्रीवर 1 कोटी, दुसऱ्या वर्षीच्या विक्रीवर 1.4 कोटी, पहिल्या वर्षीच्या विक्रीवर 50 लाख. बेरीज 2.9 कोटी. भागिले 200 कोटी, म्हणजे 1.45 टक्के. वित्त विभाग ऑडिटरसमोर हेच कोष्टक ठेवतो आणि वर म्हणतो, आम्ही तर दीड टक्का तरतूद करतो, थोडी जास्तच! खरा खर्च दोन टक्के आहे, तो या भागाकारात कुठेच दिसत नाही, कारण अंशात जुन्या लहान विक्रीचे दावे आहेत आणि छेदात ताजी मोठी विक्री.

या चुकीचे परिणाम खात्यात कसे उमटतात ते पाहण्यासारखे आहे. दीड टक्क्याच्या हिशेबाने कंपनी दुसऱ्या वर्षी 2.1 कोटी तरतूद करते आणि दावे येतात 1.7 कोटींचे, तिसऱ्या वर्षी तरतूद 3 कोटी, दावे 2.9 कोटी. दर वर्षीची नवी तरतूद त्या वर्षीच्या दाव्यांपेक्षा जास्त. खाते कधीच कोरडे पडत नाही. तिसऱ्या वर्षाअखेर त्यात 1.5 कोटी शिल्लक असतात. पण विकलेल्या मालावर अजून येणे बाकी असलेले दावे किती? तिसऱ्या वर्षीच्या विक्रीवर 3 कोटी आणि दुसऱ्या वर्षीच्या विक्रीवर 70 लाख, मिळून 3.7 कोटी. म्हणजे 2.2 कोटींची तूट आहे आणि ती एकाही वर्षाच्या आकड्यात आपण होऊन वर येत नाही. विक्री 200 कोटींवर थबकली की मात्र चित्र पालटते. चौथ्या वर्षी दावे 3.7 कोटी आणि नवी तरतूद 3 कोटी. पाचव्या वर्षी दावे 4 कोटी आणि तरतूद पुन्हा 3 कोटीच. पाचव्या वर्षाअखेर खाते उणे होते. तेव्हा व्यवस्थापन सांगते की यंदा मालाचा दर्जा घसरला. दर्जा होता तसाच आहे. थांबली ती फक्त वाढ.

म्हणून इतिहास तपासायचा तर दावे विक्रीच्या वर्षानुसार लावायला हवेत, खर्च पडल्याच्या वर्षानुसार नव्हे. विमा कंपन्यांचे गणिती हेच कोष्टक वापरतात आणि त्याच्या आकारावरून त्याला त्रिकोण म्हणतात: प्रत्येक ओळीत एका वर्षाची विक्री आणि पुढे तिच्यावर वर्षागणिक आलेले दावे. मोठ्या कारखान्यात वर्षाऐवजी महिना घेतला तर आणखी बरे, कारण मग एखादी बिघडलेली खेप लगेच वेगळी दिसते. ऑडिटिंगच्या एसए 540 या मानकात मागच्या अंदाजाचे पुढे काय झाले हे पाहण्याची अपेक्षा आहेच. पण ती तपासणीही पुष्कळदा सुरुवातीची शिल्लक, नवी तरतूद, झालेला खर्च आणि अखेरची शिल्लक एवढ्या चार आकड्यांवर उरकली जाते. आपल्या कंपनीत तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीची शिल्लक 1.4 कोटी होती. त्या वर्षी जुन्या विक्रीवरचे दावेच 1.9 कोटी निघाले आणि 70 लाख अजून यायचे आहेत. 1.4 समोर 2.6. एवढी एक विभागणी केली असती तर तूट दोन वर्षे आधी दिसली असती. आणि त्यासाठी लागते फक्त प्रत्येक दाव्यासमोर विक्रीची तारीख.

ही तारीख मिळवणे हेच खरे कष्टाचे काम. वॉरंटी ग्राहकाने पंप घेतल्या दिवसापासून चालू होते, आणि कंपनीच्या बिलावर असते डीलरला माल पाठवल्याची तारीख. माल दुकानात सहा महिने पडून राहिला तर दावे तेवढे उशिरा येतात आणि ताजी विक्री उगीच निर्दोष भासते. तेव्हा सर्व्हिस सेंटरची काही जॉब कार्डे निवडून अनुक्रमांकावरून पंप कधी पाठवला आणि कधी विकला हे शोधावे लागते. दुसरा प्रश्न असा की सगळे दावे ‘वॉरंटी खर्च’ याच खात्यात येतात का. बदलून दिलेला पंप कधी सुट्या भागांच्या खपात जातो, वाहतूक मालवाहतुकीच्या खात्यात, आणि डीलरने स्वतः केलेल्या दुरुस्तीची भरपाई क्रेडिट नोटने दिली की ती विक्रीवरच्या सवलतीत मिसळून जाते. त्रिकोण कितीही नेटका भरला तरी असा गळलेला खर्च त्यात येत नाही. म्हणून तपासणी जॉब कार्डाकडून खातेवहीकडे न्यायची. केवळ खातेवहीतून नमुने उचलले तर तिथे न पोचलेला खर्च कधीच हाती लागणार नाही.

यावर पहिला आक्षेप असा की अंदाज हा शेवटी व्यवस्थापनाचा निर्णय आहे. निकाल वेगळा लागला म्हणून ऑडिटरने मागे वळून त्याला चूक ठरवू नये. आक्षेप रास्त आहे आणि एसए 540 लाही तो मान्य आहे: प्रत्यक्ष आकडा अंदाजाहून वेगळा निघाला म्हणजे ताळेबंद चुकीचा होता असे आपोआप होत नाही. पण प्रश्न त्या वेळी काय माहीत होते याचा आहे. अनपेक्षित बिघाड ही एक गोष्ट. विक्रीच्या तारखा स्वतःच्याच संगणकात असताना त्या न वापरणे ही दुसरी. फरक दर वर्षी एकाच दिशेला पडत असेल, तर ते अंदाजाचे चढउतार राहत नाहीत, तो कल होतो.

दुसरा आक्षेप अधिक लोकप्रिय: मग तरतूद थोडी जादाच ठेवावी, त्याने कुणाचे काय बिघडते? बिघडते. अनिश्चितता आहे म्हणून फाजील तरतूद करता येत नाही, असे इंड एएस 37 स्पष्ट सांगते. जादा ठेवलेली रक्कम मंदीच्या वर्षी हळूच परत फिरवून नफा सावरता येतो, आणि तेव्हा तपशिलात ‘न वापरलेली तरतूद उलटवली’ एवढीच ओळ दिसते. वॉरंटी संपलेल्या विक्रीच्या ओळी त्रिकोणात बंद होतात. त्यांच्या नावावर काही रक्कम उरली असेल तर ती तिथेच उघडी पडते, पुढच्या वर्षात ढकलता येत नाही. करखात्याला जास्तीच्या तरतुदीचा संशय असतो, गुंतवणूकदाराला कमीच्या. पुरावा मात्र दोघांना एकच लागतो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. नव्या मॉडेलला इतिहासच नाही. मोटार बदलली, तांब्याऐवजी अ‍ॅल्युमिनियमची वायंडिंग आली, तर जुना त्रिकोण काय सांगणार? फार नाही. तिथे कारखान्यातील चाचण्या, जवळच्या मॉडेलचा अनुभव आणि अभियंत्यांचे म्हणणे यांवरच भागवावे लागते, आणि ऑडिटरने वित्त विभाग सोडून दर्जा विभागाशी बोलावे लागते. पण बदल झाला हे सांगणाऱ्या कंपनीने तो कोणत्या अनुक्रमांकापासून झाला हेही सांगितले पाहिजे. ते कळले की 31 मार्चनंतर अहवालावर सही होईपर्यंतच्या आठवड्यांत आलेले दावे जुन्या आणि नव्या नगांत वेगळे करता येतात. दोन महिन्यांचे दावे थोडे असतात, हे खरे. तरी नव्या मॉडेलचे पहिल्या साठ दिवसांतले दावे जुन्या मॉडेलच्या पहिल्या साठ दिवसांशेजारी ठेवले, तर ‘नवे डिझाइन अधिक टिकाऊ, म्हणून दर घटवला’ या विधानाची निदान दिशा तरी तपासता येते. तेवढ्याने नेमका दर ठरत नाही. मात्र दर घटवण्याला आधार नाही एवढे त्यातून दिसले, तर ऑडिटरला जुना दर कायम ठेवायला सांगता येते. आणि कंपनी नाही म्हणाली, तर फरकाची रक्कम चुकांच्या यादीत लिहिता येते.