हळदीची वाटी

“त्याला वाईट वाटलं” हे वाक्य मराठीत व्याकरणाने निर्दोष आहे, पण कथेच्या कामाचं नाही. आपल्या भाषेत भावना बहुधा माणसाकडे चालून येतात. त्याला राग आला, तिला भीती वाटली, त्यांना गहिवरून आलं. प्रत्येक वेळी माणूस ‘ला’ प्रत्यय लावून बाजूला बसतो आणि वाक्य भावना चालवते. माणूस काहीच करत नाही. कथेत मात्र वाचकाला करणारा माणूस पाहायचा असतो. म्हणून कच्च्या खर्ड्यावर पेन्सिल घेऊन बसलं की मी आधी हे ‘ला’ आणि शेवटचे ‘वाटलं, झालं, आलं’ यांच्याखाली रेघ ओढतो. एका परिच्छेदात अशा चार रेघा दिसल्या, तर तो परिच्छेद अजून लिहायचाच राहिला आहे असं समजतो.

एक नमुना घेतो. घर वर्धा जिल्ह्यातलं, सिंदी रेल्वेच्या आसपासचं. सिंदीचा तान्हा पोळा आणि तिथले लाकडी नंदी प्रसिद्ध आहेत, म्हणजे ज्या घरची बैलजोडी विकली गेली आहे, त्या घराला सणाच्या दिवसांत ते विसरायला कोणी देणार नाही. पहिला खर्डा असा:

“पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी शंकरला फार वाईट वाटत होतं. जोडी विकल्याचा त्याला पश्चात्ताप होत होता. रिकामा गोठा पाहून त्याचं मन सुन्न झालं. सुमनलाही दुःख झालं, पण तिने ते दाखवलं नाही. तिला नवऱ्याची काळजी वाटत होती.”

सगळं खरं आहे आणि काहीच दिसत नाही. इथे नवा लेखक पहिली दुरुस्ती करतो ती साधारण अशी: “शंकरच्या डोळ्यांत पाणी तरळलं. घशात आवंढा दाटला. सुमनने पदराने डोळे टिपले.” आपण भावना ‘दाखवली’ असं त्याला वाटतं. मला ही दुरुस्ती मूळ चुकीहून जास्त फसवी वाटते. अश्रू, कंप, घाम, आवाज फुटणं, रंग उडणं या खुणा भरताच्या नाट्यशास्त्रात सात्त्विक भाव म्हणून मोजून ठेवलेल्या आहेत, एकूण आठ. नटाला त्या लागतात, कारण त्याचं शरीर आपल्यासमोर असतं. कागदावर मात्र त्या कोणाच्याही असू शकतात. पारख सोपी आहे. हे वाक्य उचलून मुंबईतल्या इस्पितळाच्या कथेत ठेवून पाहावं. शब्दही न बदलता ते तिथे बसलं, तर ते शंकरचं नव्हे.

आपल्याकडच्या काव्यशास्त्राने हा प्रश्न फार पूर्वी हाताळलेला आहे. अकराव्या शतकातला मम्मट काव्यप्रकाशात रसाचे दोष सांगतो, तेव्हा रसाचं किंवा भावाचं नाव घेऊन तो सांगणं हाच एक दोष मानतो. शोक हा शब्द लिहिल्याने शोक पोचत नाही, असा त्याचा रोख. पण या परंपरेत मला त्याहून उपयोगी वाटतो तो क्रम. अनुभाव, म्हणजे भावनेच्या बाहेर पडणाऱ्या खुणा, यांच्याआधी विभाव येतो: भावना कोणामुळे आणि कोणत्या परिस्थितीत जागी होते ते. आपण विभाव सोडून थेट खुणांवर उडी मारतो. मग हाताशी अश्रूच उरतात.

तेव्हा शंकरचं काय दुखतंय हे विचारण्याआधी, त्या तासाला त्या घरात काय चालतं, हे विचारायला हवं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू ओढलेल्या खांद्यांना हळद-तूप चोळतात आणि उद्या जेवायला या म्हणून बैलांना आवतन देतात. जोडी गेली तरी ती वेळ घरात येणारच, आणि हातांना सवय असते. इथून तिसरा खर्डा निघाला:

“दिवेलागणीला सुमनने वाटीत हळद घेतली, वर तूप सोडलं आणि बोटाने कालवलं. मागच्या पोळ्याला ही वाटी दोन खांद्यांना पुरली नव्हती. ती घेऊन ती गोठ्याच्या दारापर्यंत गेली आणि थांबली. गव्हाणीत मोटारपंपाचा पाइप गुंडाळून ठेवला होता. शंकर पायरीवर बसला होता.
‘काहून केली वं?’
‘हात गेला.’
शेजारच्या गोठ्यात कोणीतरी घुंगरमाळ झटकत होतं. शंकरने हात पुढे केला, तिने वाटी दिली. त्याने बोट बुडवलं, थोडा वेळ तसंच धरलं. मग पाय वर घेऊन टाचेच्या भेगांत हळद भरू लागला. एक टाच झाली, दुसरी झाली. वाटी पुसून निघेपर्यंत तो भरत राहिला.”

दुःख, पश्चात्ताप, काळजी हे तिन्ही शब्द गेले. पश्चात्ताप कुठे आहे हे मला एका वाक्यात सांगता येणार नाही, आणि ते बरंच आहे. टाचेला हळद लावणं हा हिशेबी माणसाचा काटकसरीपणा असू शकतो, बायकोची लाज राखणं असू शकतं, किंवा बैलाच्या जागी स्वतःला ठेवणंही. सुमनची काळजी तिने वाटी दिली यात आहे. ती काही विचारत नाही.

या खर्ड्यातून मला दोन गोष्टी काढाव्या लागल्या. आधी खुंटीवरचा कासरा होता, लाकडी बैल मागणारा मुलगा होता, शेंदराची पुडी होती. प्रत्येक वस्तू चांगली होती आणि सगळ्या मिळून रडारड होत होती. एका प्रसंगाला एक कृती पुरते, बाकीच्या तिच्या आड येतात. दुसरं म्हणजे शेवटी मी लिहिलं होतं, “जणू तो बैलांचे खांदेच शेकत होता.” वाचकाला कळेल की नाही या भीतीने लिहिलेलं हे वाक्य, आणि कृती लिहून झाल्यावर हमखास येणारं. ते खोडलं.

पण ती भीती अगदीच खोटी नाही. कोकणातल्या वाचकाने खांदेशेकणी पाहिलेली नसेल, तर हळद-तूप त्याला नुसतं घरगुती औषध वाटेल. त्यावर उपाय टीप नव्हे. ‘मागच्या पोळ्याला ही वाटी दोन खांद्यांना पुरली नव्हती’ हे वाक्य त्यासाठीच आहे. टाचेच्या आधी खांदा येऊन गेलेला हवा.

या भागातल्या भाषेचीही इथे मदत होते. हिंगणघाटला जन्मलेल्या उद्धव शेळक्यांची ‘धग’ 1960 साली आली. तिच्यातली माणसं वऱ्हाडीत बोलतात. त्या बोलीत माणूस मनातलं उलगडून सांगत बसला की ते खोटं वाटतं. ‘हात गेला’ या दोन शब्दांना प्रमाण मराठीत मी तीन वाक्यं लिहिली असती आणि त्यांत ‘सवय’ हा शब्द नक्की आला असता.

हे सगळीकडे करता येत नाही. पाच वाक्यांची जागा तेरा वाक्यांनी घेतली, आणि कथेतली प्रत्येक भावना अशी लिहिली तर कथा पायरीवरून उठणारच नाही. कुठे थांबायचं ते निवडावं लागतं, मधली वर्षं सरळ सांगून टाकावी लागतात. जोडी विकली तो बाजाराचा दिवस मी प्रसंग करून लिहिला नाही. त्या वर्षी भाड्याचा ट्रॅक्टर दारात आला होता, कडबा महाग होता, आणि पहाटे उठून शेणपाणी करणं संपणार होतं. त्या दिवसासाठी कथेत एकच वाक्य आहे, ‘ला’ प्रत्ययाचं, सपाट, वाटीच्या दोन पानं आधी: “पैसे मोजून घेतले तेव्हा शंकरला हलकं वाटलं.”