आजीचा अंगठा



मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू एका पळवाटेवर बोट ठेवतो. आईबापांना द्यायचा पैसा देवाला अर्पण केला, असे जाहीर करून काही मुले मोकळी होत असत. त्या मुलांनी आईबापांना मारले नव्हते, घराबाहेरही काढले नव्हते. फक्त त्यांच्या हक्काचे त्यांना मिळू दिले नाही. तरीही प्रभूच्या दृष्टीने तो चौथ्या आज्ञेचा भंग होता.

आजही असे अन्याय आवाज न करता होतात. श्रावणबाळ योजनेचे किंवा पेन्शनचे पैसे जमा झाले की नातू आजीला मोटारसायकलवर बसवून ग्राहक सेवा केंद्रात नेतो. मशीनवर आजी अंगठा ठेवते, पैसे नातवाच्या खिशात जातात. किती निघाले, हे तिला कोणी सांगत नाही. महिनाभराने तिची बी.पी.ची गोळी संपते, तेव्हा मात्र 'पैसे नाहीत' हे उत्तर मिळते.

कोणी म्हणेल, "आजीने स्वतःच अंगठा दिला ना!" पण 'नाही' म्हटले तर जेवणाचे ताट उशिरा येईल, अशी भीती जिला वाटते, तिच्या 'हो'ला संमती म्हणता येत नाही. नकार देण्याची मोकळीक असेल तरच होकाराला अर्थ असतो.

हे वेळीच ओळखावे कसे? आपण आजाऱ्यांना भेटायला जातो तेव्हा पाहावे. प्रश्न आजोबांना विचारला आणि उत्तर दर वेळी दुसराच कोणी देतो का? त्यांच्याशी एकट्याने बोलू दिले जाते का? पासबुक आणि ए.टी.एम. कार्ड कोणाजवळ असते? बँकेचा मेसेज कोणाच्या मोबाईलवर येतो? चष्मा फुटून किती महिने झाले? यातली एकच गोष्ट दिसली तर लगेच संशय घेऊ नये. पैसा नियमित येतो आणि औषध मात्र येत नाही, असे दिसले तर पुढे विचारावे.

सर्वांत मोठा धोका बक्षीसपत्राचा. मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते. बक्षीसपत्राची नोंदणी झाली की घर किंवा शेत हातातून जाते. मध्य प्रदेशातील छतरपूरच्या एका आईने 2019 मध्ये आपली मालमत्ता मुलाला बक्षीस दिली. तिला सांभाळण्याची अट त्या लेखातच होती, मुलाने वेगळे वचनपत्रही लिहून दिले होते. पुढच्याच वर्षी आणखी मालमत्तेसाठी मारहाण होते, अशी तक्रार तिला करावी लागली. उच्च न्यायालयाच्या खंडपीठात ती हरली. अखेर 2 जानेवारी 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते बक्षीसपत्र रद्द करून मालमत्तेचा ताबा तिला परत देण्याचा आदेश दिला. याउलट, डिसेंबर 2022 मध्ये हरियाणाच्या एका आईची मागणी त्याच न्यायालयाने मान्य केली नाही, कारण सांभाळण्याच्या अटीवरच हक्क सोडला होता, असे तिच्या बाजूने दाखवता आले नाही.

म्हणून ज्येष्ठांनो, हयातीत शक्यतो काही नावावर करून देऊ नका. बेनसिराच्या ग्रंथाचा तेहतिसावा अध्यायही हाच सल्ला देतो. द्यायचेच असेल तर सांभाळण्याची अट त्याच लेखात लिहून घ्या आणि सही करण्याआधी तो लेख घराबाहेरच्या विश्वासू माणसाकडून वाचून घ्या.

त्रास सुरू झाला आहे असे वाटले तर शेजाऱ्याने मुलाला चारचौघांत बोलू नये. आपण निघून येतो, राग म्हाताऱ्या माणसावर निघतो. आधी त्यांनाच एकट्यात विचारावे, "तुम्हाला काय हवे आहे?" मग सर्व भावंडांना एकत्र बसवावे. कधी कधी मूळ लोभ नसतो. एकटी सून थकलेली असते आणि पुण्यातले दीर फक्त फोन करतात. तिथे खर्च आणि कामाचे दिवस वाटून घेतले तर घर सावरते. पैसे काढताना पावती घ्यावी आणि ती पासबुकासह आजीच्याच पेटीत राहावी.

एवढ्याने भागले नाही तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. वकील लागत नाही. ज्येष्ठांना स्वतः जमत नसेल तर त्यांनी सांगितलेली दुसरी व्यक्तीही अर्ज करू शकते. दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्चाचा आदेश मिळू शकतो. सल्ल्यासाठी 14567 हा ज्येष्ठांचा मोफत फोन आहे. मारहाण होत असेल तर थांबू नये, 112 वर पोलिसांना कळवावे.

पापनिवेदनाला येण्याआधी आपल्यापैकी प्रत्येकाने घरातले पासबुक एकदा उघडून पाहावे. आईच्या नावाने आलेला पैसा आईपर्यंत पोहोचला का? पोहोचला नसेल तर केवळ क्षमा मागून पुरणार नाही. घेतलेले परत करणे हाही पश्चात्तापाचाच भाग आहे.

आपला,
फादर