शेरा नको, पाहिलेलं लिहा

सर, दहावीच्या त्या मुलीला समुपदेशनासाठी पाठवण्याची तुमची चिठ्ठी मी सही न करता परत करते आहे. तुम्ही लिहिलंय : ‘मुलगी मनाने दुबळी. घरून दबाव असावा. कन्नड कच्चे म्हणून परीक्षेची धास्ती घेते. डिप्रेशन वाटते.’ यातलं तुम्ही डोळ्यांनी काय पाहिलंत? तिच्या घरी तुम्ही कधी गेला नाहीत. आजाराचं नाव ठरवण्याचा अधिकार तुम्हाला नाही, मलाही नाही.

लोंढ्याहून लेकीला बेळगावला न्यायचं म्हणजे बापाचा एक रोज बुडतो. तिथे अनोळखी माणसासमोर पोर पहिल्या भेटीत तोंड उघडेलच असं नाही. अशा वेळी समुपदेशकाच्या हाती तुमची चिठ्ठीच असते. तिच्यात तुमचं मत भरलं असेल, तर ते तुमच्या मतावर उपचार सुरू करतील आणि मुलगी बाजूलाच राहील.

काल मी विचारलं तेव्हा तुम्ही तोंडी सगळं नीट सांगितलंत. मग तेच कागदावर का आलं नाही? असं लिहायला हवं होतं : ‘12 जानेवारी, पूर्वपरीक्षा, गणित. प्रश्नपत्रिका हाती आल्यावर सुमारे वीस मिनिटे पेन उचलले नाही. हात थरथरत होते. पहिल्या तासात तीनदा लघवीला जाण्याची परवानगी मागितली. उत्तरपत्रिकेची पहिली दोन पाने कोरी. विचारल्यावर म्हणाली, “सगळं पुसलं गेलं, सर.” दुसऱ्या दिवशी त्यातलेच एक उदाहरण फळ्यावर न अडखळता सोडवले.’

यातलं शेवटचं वाक्य सर्वांत मोलाचं आहे आणि नेमकं तेच तुम्ही गाळलंत. जे परीक्षेत सुचलं नाही ते दुसऱ्या दिवशी फळ्यावर आलं, म्हणजे गणित येत नव्हतं असं म्हणता येत नाही. अडचण अभ्यासाची आहे की परीक्षेच्या वेळी तिला काही होतं, हे समुपदेशकाला त्या एका वाक्यावरून तपासता येतं. आणि पानं गणिताच्या पेपरात कोरी राहिली असतील, तर दोष कन्नडवर कसा ढकललात? आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांना कन्नड जड जातं हे खरं आहे, पण म्हणून प्रत्येक मुलाचं कारण तेच ठरवून मोकळं होणं हा आळस आहे.

‘नेहमी उशिरा येते’ असंही तुम्ही म्हणालात. हजेरीपट उघडून पाहिलात? रोज उशीर होत असेल तर तो जंगलातल्या वस्तीवरून येणाऱ्या गाडीचा असू शकतो. फक्त चाचणीच्या दिवशी होत असेल तर ती वेगळी खूण आहे. ‘नेहमी’ लिहू नका, तारखा लिहा. नववीत ती कशी होती आणि बदल कधीपासून दिसतो, तेही लिहा. डबा खाते, मैत्रिणींत बोलते, खेळाच्या तासाला पळते, हे दिसत असेल तर तेही यायलाच हवं. काय शाबूत आहे हे समजल्याशिवाय काय बिघडलं ते समजत नाही.

पाहिलेलं आणि ऐकलेलं एकाच ओळीत कालवू नका. परीक्षेच्या दिवशी सकाळी तिला उलट्या होतात, हे तुम्हाला तिच्या आईने सांगितलं. मग ‘आईने सांगितले’ असंच लिहा. उलट्यांना बहाणा म्हणू नका आणि भीतीचं लक्षणही म्हणू नका. आधी डॉक्टरांना दाखवायला सांगा. तुम्ही स्वतः काय करून पाहिलंत आणि त्याने काय झालं, तेही नोंदवा. तिला पहिल्या बाकावरून मागे बसवल्यावर ती लिहू लागली असेल, तर ती माहिती समुपदेशकाच्या फार उपयोगाची आहे.

चिठ्ठीची एक मर्यादा मात्र पक्की ध्यानात ठेवा. एखादं मूल ‘मला जगायचंच नाही’ अशा अर्थाचं बोललं, तर कागद-पेन शोधत बसू नका. त्याला एकटं सोडू नका, त्याच क्षणी मला कळवा, पालकांना बोलवा आणि टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर फोन करा. नोंद त्यानंतर.

आणखी एक. ही चिठ्ठी शिक्षकखोलीच्या टेबलावर उघडी पडली होती. लोंढ्यासारख्या गावात दुपारी टेबलावर दिसलेलं संध्याकाळी स्टेशनपर्यंत पोचतं. ‘डिप्रेशन’ हा तुमचा शब्द त्या मुलीला दहावीनंतरही चिकटून राहील. पालकांशी बोलून त्यांची संमती घ्या, कागद पाकिटात बंद करा आणि माझ्याच हातात द्या.

उद्या प्रार्थनेआधी नवी चिठ्ठी आणा. तिच्यात तारीख, वेळ, जे दिसलं ते आणि मुलीचे शब्द जसेच्या तसे हवेत. ‘असावा’ आणि ‘वाटते’ हे शब्द दिसले, तर तीही परत येईल.