सोयीची वेळ की सोबतीची?

शहापूर-मुरबाडकडच्या मुलांचे मोबाइलवरचे खेळ आता गावापुरते राहिलेले नाहीत. वर्गातला एखादा दुबईला नोकरीला लागतो, कुणाचा मावसभाऊ न्यू जर्सीला जातो. बीजीएमआय भारतापुरताच असल्याने बाहेर गेलेला मित्र तिथे भेटत नाही. ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’मध्ये मात्र तो त्याच क्लॅनमध्ये राहू शकतो. अशा क्लॅनमधली भांडणं मी जवळून ऐकली आहेत. ती डावपेचांवरून कमी आणि वेळेवरून जास्त होतात.

खेळ बनवणाऱ्यांपुढे दोन वाटा असतात. पहिली स्थानिक वेळेची. ‘पोकेमॉन गो’चा कम्युनिटी डे साधारणपणे जिथे तिथे दुपारी २ ते ५ असतो. प्रत्येकाला तो सोयीचा पडतो, पण मुरबाडचे ५ वाजतात तेव्हा न्यू जर्सीत अजून सकाळच असते. दुसरी वाट साऱ्या जगाला एकच घड्याळ लावण्याची. ‘क्लॅश’चा रेड वीकेंड आपल्याकडे शुक्रवारी दुपारी १२:३० वाजता सुरू होतो आणि सोमवारी दुपारी १२:३० ला संपतो. त्याच क्षणी न्यू जर्सीत उन्हाळ्यात पहाटेचे ३ वाजलेले असतात, हिवाळ्यात २. म्हणजे ‘सोमवारपर्यंत आहे’ हे गावातलं वाक्य तिकडे खोटं ठरतं. त्याची मुदत रविवारी झोपण्यापूर्वीच सरते. क्लॅन गेम्सचंही तेच. ते २२ ते २८ तारखेपर्यंत चालतात, पण २८ ला आपल्याकडे दुपारी दीडला संपतात, तेव्हा तिकडे उजाडलेलंही नसतं. म्हणून मित्राला तारीख सांगू नये. पडद्यावर उरलेले तास दिसतात, तेच सांगावेत. ते सगळीकडे सारखे असतात.

मला दुसरी वाट बरी वाटते. गैरसोय वाट्याला येते, पण खेळ एकत्र होतो. शिवाय क्लॅन वॉरची सुरुवात कंपनीच्या नाही, आपल्या हातात असते.

ही वॉर अशी चालते: जोडी जुळल्यावर २३ तास तयारीचे, मग २४ तास लढाईचे. त्यात प्रत्येकाला दोन हल्ले. मुरबाडचा लीडर शनिवारी रात्री १० वाजता वॉर लावतो, कारण तेव्हा तो मोकळा असतो. लढाई रविवारी रात्री ९ ला सुरू होते आणि सोमवारी रात्री ९ ला संपते. शेवटचे दोन तास, ज्यात उरलेले तारे गोळा करायचे, ते न्यू जर्सीत सोमवारी सकाळी साडेनऊ ते साडेअकरा असतात. तिथला मित्र कामावर असतो आणि मग त्याच्या नावावर ‘हल्ला केला नाही’ असा ठपका बसतो.

हीच वॉर शुक्रवारी रात्री १० ला लावली, तर लढाई शनिवारी रात्री ९ ते रविवारी रात्री ९ अशी पडते. शेवटच्या टप्प्यात मुरबाडला रविवारची संध्याकाळ, दुबईला सुट्टीच्या दिवशीचे साडेपाच ते साडेसात आणि न्यू जर्सीला रविवारची सकाळ. यूएईत शनिवार-रविवारची सुट्टी २०२२ पासून लागू झाली. त्याआधी तिथला रविवार कामाचा असे. अमेरिकेतलं घड्याळ नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तासभर मागे जातं, तेव्हा साडेनऊचे साडेआठ होतात. तेही चालतं.

पण घड्याळ जुळलं तरी फोन जुळतोच असं नाही. शहापूरच्या खेड्यातल्या मुलाकडे बहुतेकदा वडिलांचा फोन असतो. वडील कसारा लोकलने आसनगावला उतरून, तिथून पुढे घरी पोचेपर्यंत रात्रीचे आठ-नऊ होतात. पावसात वीज गेली, टॉवर बंद पडला, तर त्या रात्री काहीच हाती लागत नाही. आणि हल्ला सुरू असताना नेटवर्क तुटलं तर तो हल्ला वाया जातो, परत मिळत नाही. अशा मुलाला शेवटच्या तासासाठी राखून ठेवणं चूक आहे. त्याने शनिवारी रात्रीच, रेंज असेल तेव्हा दोन्ही हल्ले करून टाकावेत, आणि शेवटचा तास वायफायवाल्या परदेशातल्या मित्रांनी सांभाळावा. मुरबाड एमआयडीसीत रात्रपाळी असलेल्याने त्या आठवड्यापुरता वॉरमधून आपला होकार काढून ठेवावा. ती सोय खेळातच आहे, आणि ती वापरणाऱ्याला कुणी पळपुटा म्हणू नये.

ज्याच्याकडे स्वतःचा फोन, अखंड वीज आणि मोकळी संध्याकाळ आहे, त्याने आपली सोय आधी सोडावी, असं माझं स्पष्ट मत आहे. वॉर लावण्याचा अधिकार लीडर आणि को-लीडरकडे असतो. तेव्हा लीडरमंडळींना एवढीच विनंती: बटण दाबण्यापूर्वी क्लॅनच्या चॅटवर विचारा की कुणाच्या हातात फोन कधी येतो, आणि ज्याला सर्वांत कमी वेळ मिळतो त्याच्या उत्तरावरून मुहूर्त ठरवा.